जानेवारीचा छोटा ए, फेब्रुवारीचा मोठा ए

न्यूयॉर्क शहरातल्या पिवळ्या टॅक्सींची प्रत्येक फेरी नोंदली जाते. प्रवासी कुठे चढला, कुठे उतरला, मीटर किती पडला, टिप किती दिली, पैसे कार्डाने दिले की रोख, हे सगळे एका ओळीत येते. शहराचे टॅक्सी अँड लिमोझिन कमिशन या नोंदी महिन्याला एक फाइल या हिशेबाने सर्वांसाठी खुल्या करते. जानेवारी २०२३ च्या फाइलीत अशा ३०,६६,७६६ ओळी आहेत आणि फेब्रुवारीच्या फाइलीत २९,१३,९५५. जगभरचे विद्यार्थी डेटाचे काम शिकताना याच फाइलींवर हात बसवतात. या प्रकरणातली गोष्ट त्या दोन फाइलींच्या मधल्या सीमेवर घडते.

फेरीच्या नोंदीत एक रकाना विमानतळ शुल्काचा आहे. लागार्डिया किंवा केनेडी विमानतळावरून प्रवासी उचलला तर त्या काळी १.२५ डॉलर जादा लागत, आणि ते या रकान्यात येत. जानेवारीच्या फाइलीत रकान्याचे नाव आहे `airport_fee`. फेब्रुवारीच्या फाइलीत आहे `Airport_fee`. बदल एवढाच, पहिले अक्षर छोट्याचे मोठे झाले. आतली माहिती तीच आहे, तिचा अर्थ तोच आहे, आणि दोन्ही फाइली कोणतीही तक्रार न करता उघडतात.

डेटाच्या कामात काही साधने छोट्या-मोठ्या अक्षरांत भेद करत नाहीत. त्यांना हे दोन्ही रकाने एकच वाटतात आणि काही बिघडत नाही. पायथॉनमधले पांडाज हे साधन मात्र भेद करते. दोन्ही महिने एकाखाली एक जोडले की ते गुपचूप दोन रकाने तयार करते. छोट्या अक्षराचा रकाना जानेवारीपुरता भरलेला राहतो आणि फेब्रुवारीत पूर्ण रिकामा. मोठ्या अक्षराच्या रकान्याचे नेमके उलटे होते. पुढचा सगळा हिशेब जुन्या नावावर बेतलेला असेल, तर विमानतळ शुल्क फेब्रुवारीपासून नाहीसे होते. कुठेही लाल अक्षरांतली चूक दिसत नाही. अहवाल वेळेवर तयार होतो, त्यातले इतर सगळे आकडे बरोबर असतात, आणि म्हणूनच तो चुकीचा आहे हे कळायला फार वेळ लागतो.

हे पकडायचे कसे? सर्वांत साधा उपाय असा की दोन्ही महिन्यांत त्या रकान्याच्या किती टक्के जागा रिकाम्या आहेत ते शेजारी शेजारी ठेवून पाहायचे.

```python
import pandas as pd

jan = pd.read_parquet("yellow_tripdata_2023-01.parquet")
feb = pd.read_parquet("yellow_tripdata_2023-02.parquet")
df = pd.concat([jan.assign(m="01"), feb.assign(m="02")],
               ignore_index=True)

print(df["airport_fee"].isna().groupby(df["m"]).mean())
```

उत्तर दोन ओळींत येते. जानेवारीत ०.०२३, म्हणजे सव्वादोन टक्क्यांहून थोडे अधिक. फेब्रुवारीत १.०, म्हणजे शंभर टक्के. एवढा फरक शाळकरी मुलालाही दिसेल. पण आपण पाहिले म्हणून दिसला. फाइलीत एकोणीस-वीस रकाने असतात, अशा फाइली दर महिन्याला येतात, आणि खऱ्या कार्यालयात असे पंधरा-वीस स्रोत असतात. माणूस प्रत्येक रकाना डोळ्यांनी पाहू शकत नाही. त्यामुळे हे काम यंत्रावर सोपवावे लागते, आणि यंत्राला सांगावे लागते की किती फरक म्हणजे खरा फरक. खरी अडचण इथे सुरू होते.

जानेवारीत रिकाम्या असलेल्या त्या सव्वादोन टक्के जागांकडे आधी बघू, कारण त्या नीट समजल्या तर बरेच काही कळते. त्या ७१,७४३ ओळी आहेत. नेमक्या त्याच ओळींत प्रवाशांची संख्याही रिकामी आहे आणि पैसे देण्याच्या प्रकाराच्या रकान्यात शून्य आहे. पैसे देण्याचा प्रकार आकड्यांत लिहितात: १ म्हणजे कार्ड, २ म्हणजे रोख, ३ म्हणजे आकार नाही, ४ म्हणजे वाद. जानेवारीत कार्डाच्या २४,११,४६२ फेऱ्या होत्या, रोखीच्या ५,३२,२४१, आकार न लावलेल्या १८,०२३ आणि वादाच्या ३३,२९७. शून्य हा आकडा त्या काळच्या रकान्यांच्या शब्दकोशात नव्हता. नंतरच्या कोशात त्याचा अर्थ ‘फ्लेक्स फेअर’ फेरी असा दिलेला आहे. म्हणजे रिकाम्या जागा नेहमी चुकीच्याच असतात असे नाही. काही रिकाम्या जागा वेगळ्या वाटेने आलेल्या फेऱ्यांची खूण असतात आणि त्या दर महिन्याला थोड्याफार असणारच. फेब्रुवारीच्या फाइलीतही प्रवासी संख्येच्या रकान्यात त्या अडीच टक्क्यांच्या आसपास आहेत.

आता संख्याशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल, दोन प्रमाणांची तुलना करायची तर काय-वर्ग कसोटी आहेच. ती इथे लावू नये, आणि का ते समजून घेण्यासारखे आहे. जानेवारीत २.३४ टक्के आणि फेब्रुवारीत २.६ टक्क्यांच्या घरात रिकाम्या जागा, हा फरक पाव टक्क्याच्या थोडा पुढे जातो. व्यवहारात त्याला काही अर्थ नाही. पण दोन्हीकडे तीस लाखांच्या घरात ओळी असल्याने योगायोगाने पडणारा फरक फारच छोटा असतो, एका टक्क्याच्या शंभराव्या भागाएवढा. त्या मापाने मोजले तर आपला निरुपद्रवी फरक त्याच्या वीस पटींहून मोठा भरतो, आणि कसोटी ठामपणे सांगते की दोन महिने वेगळे आहेत. ते खरेच वेगळे आहेत. कोणतेही दोन महिने वेगळेच असतात. कसोटी विचारते ‘फरक आहे का?’ आणि आपल्याला हवे असते ‘फरक किती आहे?’. ओळी लाखांत असल्या की पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘हो’ येते, आणि दर महिन्याला प्रत्येक रकान्यावर वाजणारी घंटा काही दिवसांत कोणी ऐकत नाही.

फरक किती हे मोजायला कर्ज देणाऱ्या संस्थांच्या कामातून आलेले एक माप चांगले चालते. त्याला पॉप्युलेशन स्टॅबिलिटी इंडेक्स, थोडक्यात पीएसआय म्हणतात. रकान्यातल्या किमतींचे गट पाडायचे, प्रत्येक गटाचा गेल्या महिन्यातला वाटा p आणि या महिन्यातला वाटा q घ्यायचा, आणि पुढील बेरीज करायची:

```
PSI = Σ (q − p) × ln(q / p)
```

दोन्ही वाटे सारखे असतील तर त्या गटातून शून्य मिळते. वाटा वाढो की घटो, उत्तर धनच येते, त्यामुळे एका गटातली वाढ दुसऱ्यातल्या घटीने पुसली जात नाही. ०.१ च्या खाली असेल तर दुर्लक्ष करावे, ०.२५ च्या वर गेले तर थांबून पाहावे, असा जुना संकेत आहे. तो अनुभवातून पडलेला संकेत आहे, सिद्धांतातून निघालेला नाही. प्रत्येक रकान्याचे गेल्या वर्षभराचे पीएसआय काढून त्याचा स्वतःचा चढउतार किती असतो ते पाहिले, तर अधिक चांगली मर्यादा हाती लागते.

आपल्या उदाहरणात गट दोनच: रिकामे आणि भरलेले. प्रवासी संख्येच्या रकान्यात २.३ चे २.६ टक्के झाले तर पीएसआय ०.००१ पर्यंतही पोहोचत नाही. काय-वर्ग कसोटीने जिथे आरडाओरड केली तिथे हे माप गप्प बसते. विमानतळ शुल्काच्या रकान्यात ‘भरलेले’ या गटाचा वाटा शून्य झाला आहे, आणि शून्याचा लॉगरिदम काढता येत नाही. म्हणून शून्याच्या जागी ०.०००१ सारखी बारीक संख्या धरतात. तसे केले की उत्तर १२ च्या वर जाते. पण हे १२ शून्याच्या जागी काय धरले यावर बरेच अवलंबून असते, तेव्हा त्याचा अर्थ ‘मर्यादेच्या खूप पलीकडे’ एवढाच घ्यावा.

एक वाट मात्र इथे निसटते. अनेक ठिकाणी डेटा आत घेतानाच रिकाम्या जागी शून्य भरण्याची पद्धत असते, कारण पुढच्या बेरजा सोप्या होतात. तसे केले असेल तर फेब्रुवारीत रिकामी जागा एकही उरत नाही आणि आपली पहिली तपासणी बिनघोर पास होते. म्हणून रिकाम्या जागांबरोबर किमतींची विभागणीही पाहावी लागते. जानेवारीत साधारण आठ-नऊ टक्के फेऱ्यांवर हे शुल्क लागले होते, बाकी ओळींत शून्य. फेब्रुवारीत सगळीच शून्ये झाली, तर ‘शून्य’ आणि ‘शून्याहून अधिक’ असे दोन गट पाडून पीएसआय ०.५८ च्या आसपास येतो. आधीच्या १२ पेक्षा हा आकडा खूप लहान, पण ०.२५ च्या वर आहे, म्हणजे पकडला गेला. शुल्क आठ टक्क्यांऐवजी अर्धा टक्का फेऱ्यांवर लागत असते तर मात्र तो रकाना कोरा होऊनही पीएसआय ०.०२ च्या आसपास राहिला असता आणि घंटा वाजली नसती. विरळ रकान्यांसाठी म्हणूनच एक वेगळा, सरळ नियम ठेवलेला बरा: गेल्या महिन्यात दिसलेली एखादी किंमत या महिन्यात एकदाही दिसली नाही, किंवा कधी न दिसलेली किंमत अचानक उगवली, तर वाटा कितीही छोटा असो, ती नोंद माणसापुढे यावी.

इथपर्यंत फरक सापडला. पण सापडलेला फरक फाइलीच्या स्वरूपातला आहे की बाहेरच्या जगातला, हे अजून ठरायचे आहे. त्यासाठी एक महिना मागे जाऊ.

१९ डिसेंबर २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या टॅक्सीचे दर वाढले. सुरुवातीचा आकार २.५० वरून ३ डॉलर झाला. केनेडी विमानतळ ते मॅनहॅटन हा ठरलेला दर ५२ वरून ७० डॉलर झाला. प्रत्येक फेरीवर ‘सुधारणा अधिभार’ म्हणून घेतले जाणारे ३० सेंट १ डॉलरवर गेले. आता `improvement_surcharge` या रकान्याची नोव्हेंबर आणि जानेवारीतली विभागणी शेजारी ठेवा. नोव्हेंबरमध्ये जवळजवळ सगळ्या ओळींत ०.३, जानेवारीत जवळजवळ सगळ्या ओळींत १.०. पीएसआय प्रचंड मोठा येईल. केवळ आकडे पाहणाऱ्याला वाटेल की पाठवणाऱ्याने एकक बदलले किंवा दशांशाची गफलत झाली. प्रत्यक्षात डेटा अगदी निरोगी आहे. बदलले ते शहराचे दरपत्रक.

हे दोन बदल वेगळे ओळखण्याची किल्ली डिसेंबरच्या फाइलीत आहे. त्या एकाच फाइलीत दोन्ही किमती भरपूर आहेत. तारखेप्रमाणे विभागणी काढली तर १८ तारखेपर्यंत ०.३ चे राज्य आणि १९ पासून १.० चे, थोड्या फेऱ्यांत जुना आकडा पुढेही रेंगाळलेला. जग बदलते तेव्हा ते कॅलेंडरच्या एका तारखेला बदलते, आणि ती तारीख फाइलीच्या पोटात कुठेही येऊ शकते. फाइल तयार करणारी व्यवस्था बदलते तेव्हा बदल फाइलीच्या काठावर येतो, कारण एक फाइल एका वेळी, एका पद्धतीने तयार होते. म्हणून महिन्याची विभागणी हलली की पहिले काम म्हणजे तीच विभागणी रोजच्या रोज काढून पाहणे आणि पायरी कुठे आहे ते शोधणे. ती १९ तारखेला असेल तर बातम्या आणि दरपत्रके वाचावीत. ३१ आणि १ च्या मध्ये असेल तर फाइलीचे रकाने तपासावेत.

याहून बारकाईची कसोटीही या फाइलींत आयती मिळते. महिन्याच्या फाइलीत शेजारच्या महिन्यातल्या काही चुकार फेऱ्या असतात. जानेवारी २०२३ च्या फाइलीतली शेवटची फेरी १ फेब्रुवारीला मध्यरात्रीनंतर सुरू झालेली आहे. तिच्या तारखेप्रमाणे ती फेब्रुवारीची, पण फाइलीप्रमाणे जानेवारीची. तिचे विमानतळ शुल्क जुन्या नावाच्या रकान्यात बसले आहे. म्हणजे बदल फेरीच्या तारखेबरोबर जात नाही, फाइलीबरोबर जातो. चुकार ओळी सहसा कचरा म्हणून गाळल्या जातात. मला त्या जपून ठेवाव्याशा वाटतात, कारण तारीख एकीकडची आणि फाइल दुसरीकडची असा पुरावा दुसरीकडे कुठे मिळत नाही.

तरीही काठाच्या कसोटीला एक मोठी मर्यादा आहे. जगातले कितीतरी बदल मुद्दाम एक तारखेला केले जातात. आपल्याकडे कराचे नवे दर, नवी शुल्के, नवे करार १ एप्रिलला लागू होतात, आणि तेव्हा जगाचा बदल आणि फाइलीचा काठ एकमेकांवर पडतात. अशा वेळी शेजारच्या रकान्याला साक्षीला बोलवावे लागते. विमानतळ शुल्क नाहीसे झाले याची दोन स्पष्टीकरणे असू शकतात: लोकांनी विमानतळावरून टॅक्सी घेणे सोडले, किंवा शुल्काचा रकाना हरवला. प्रवासी कुठे चढला हे `PULocationID` या रकान्यात विभागाच्या क्रमांकाने असते, त्यात १३२ म्हणजे केनेडी आणि १३८ म्हणजे लागार्डिया. फेब्रुवारीतही या दोन विभागांतून भरपूर फेऱ्या सुरू झालेल्या दिसल्या आणि त्यांतल्या एकावरही शुल्क नसले, तर पहिले स्पष्टीकरण बाद. तिसरी शक्यता म्हणजे शुल्कच रद्द झाले. तिच्यासाठी एकूण रकमेचा रकाना आहे. भाडे, कर, टिप, टोल आणि अधिभार यांची बेरीज एकूण रकमेतून वजा केली आणि विमानतळाच्या फेऱ्यांत बरोबर १.२५ डॉलर शिल्लक राहू लागले, तर शुल्क घेतले जात आहे, फक्त आपल्या हाती येत नाही. अर्थात या फाइलींत ही बेरीज प्रत्येक ओळीला तंतोतंत जुळतेच असे नाही. त्यामुळे न जुळणाऱ्या ओळींचा वाटा आणि उरलेल्या रकमेची विभागणी याही गोष्टी दोन महिन्यांत शेजारी ठेवूनच पाहायच्या.

जानेवारी-फेब्रुवारीच्या सीमेवर आणखी एक बदल झाला, आणि तो उलट्या दिशेने फसवतो. प्रवासी संख्या जानेवारीच्या फाइलीत दशांश संख्या म्हणून साठवली आहे आणि फेब्रुवारीत पूर्णांक म्हणून. किमती त्याच आहेत. पण तुलना करणाऱ्या माणसाने सोयीसाठी सगळे रकाने मजकुरात बदलून मग गट मोजले, तर काटेकोर साधनांत जानेवारीच्या गटाचे नाव ‘1.0’ होते आणि फेब्रुवारीच्या गटाचे ‘1’. दोन्ही महिन्यांत सामाईक असा एकही गट उरत नाही आणि पीएसआय आकाशाला भिडतो. प्रवाशांच्या वागण्यात काहीच बदललेले नसते. म्हणून तुलनेआधी दोन्ही महिने एकाच ठरवलेल्या प्रकारात आणावेत, आणि मूळ प्रकार बदलला ही गोष्ट मात्र वेगळी टिपून ठेवावी. ती वितरणाच्या आकड्यात मिसळू नये. पांडाजमध्ये हा बदल सहसा जाणवतही नाही, कारण रिकाम्या जागा असलेला पूर्णांक रकाना ते वाचतानाच दशांशात बदलते. स्पार्कसारखे शिस्तीचे साधन मात्र एकच साचा धरून दोन्ही फाइली वाचायला लावल्या की अशा ठिकाणी थांबून तक्रार करू शकते. त्या तक्रारीचा राग येतो खरा, पण ती फार मोलाची असते.

सबंध महिन्याचा एकच आकडा काढला की आणखी एक गोष्ट लपते. या फेऱ्यांची माहिती त्या काळी मुख्यतः दोन पुरवठादारांच्या यंत्रणांतून येत होती, आणि `VendorID` या रकान्यात त्यांचे क्रमांक आहेत. समजा त्यांतल्या धाकट्या पुरवठादाराने, ज्याच्याकडे साधारण चौथा हिस्सा फेऱ्या आहेत, एखाद्या रकान्यात दहापैकी दोन ठिकाणी नवा संकेत लिहायला सुरुवात केली. एकूण महिन्यात तो पाच टक्के दिसेल आणि इतर चढउतारांत हरवून जाईल. त्या पुरवठादाराची विभागणी वेगळी काढली तर वीस टक्के दिसेल, आणि दुसऱ्या पुरवठादाराकडे शून्य. जगातला बदल सहसा दोघांकडे एकदम दिसतो, कारण प्रवासी टॅक्सीत बसताना यंत्र कोणाचे आहे ते पाहत नाही. एकाकडेच दिसणारा बदल त्याच्या यंत्रणेतून आलेला असण्याची शक्यता फार मोठी. त्यामुळे जिथे स्रोत एकाहून अधिक आहेत तिथे स्रोतवार तुलना आधी करावी आणि एकूण नंतर.

तुलना नेहमी वाट्यांची करावी, मोजणीची नव्हे, हेही या दोन महिन्यांतच दिसते. फेब्रुवारीच्या ओळी जानेवारीपेक्षा दीड लाखांनी कमी आहेत. पण फेब्रुवारीला दिवस २८. रोजच्या सरासरीने पाहिले तर जानेवारीत ९९ हजारांच्या आसपास फेऱ्या पडतात आणि फेब्रुवारीत १ लाख ४ हजार. घट झालेली नाही, उलट वाढ आहे. ऋतूप्रमाणे झुलणाऱ्या रकान्यांसाठी गेल्या महिन्याबरोबर गेल्या वर्षीचा तोच महिनाही शेजारी ठेवावा.

आता शेवटचा सापळा, जो या सगळ्या पद्धतीच्या मुळाशी आहे. गेल्या महिन्याशी तुलना करणारी घंटा एकदाच वाजते. फेब्रुवारीत विमानतळ शुल्काचा रकाना कोरा झाला आणि इशारा आला. समजा त्या दिवशी कोणी रजेवर होते, किंवा इशारा दुसऱ्या कामाच्या गर्दीत वाचायचा राहिला. मार्चची फाइल येते. तिच्यातही नाव मोठ्या अक्षराचेच, म्हणून जुन्या नावाचा रकाना पुन्हा कोराच. मार्चची तुलना फेब्रुवारीशी होते: शंभर टक्के रिकामे विरुद्ध शंभर टक्के रिकामे, पीएसआय शून्य, सगळे आलबेल. म्हणून ज्या महिन्यावर इशारा आला आणि ज्याचा उलगडा झाला नाही, तो महिना पुढच्या तुलनेसाठी आधार म्हणून वापरू नये. मार्चची तुलना जानेवारीशीच करावी, एप्रिलचीही, आणि कोणीतरी उलगडा लिहून त्यावर सही करेपर्यंत तीच चालू ठेवावी. उलगडा स्वरूपबदलाचा निघाला तर दुरुस्ती एका ओळीची असते: आत घेतानाच सगळी नावे छोट्या अक्षरांत आणायची आणि फेब्रुवारी पुन्हा भरून घ्यायचा. उलगडा जगाच्या बदलाचा निघाला, जसे पुढे हे शुल्क १.७५ डॉलर झाले, तर नवा महिना आधार म्हणून मान्य करायचा आणि बदलाची तारीख त्याच्यासोबत नोंदवून ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी तोच महिना तुलनेला घेताना ही पायरी नव्याने शोधावी लागणार नाही.